मिनिट्सच्या पीडीएफमधून निर्णय, जबाबदारी आणि मुदतींची यादी कशी काढायची?

नवीसचिव
नमस्कार मंडळी. संस्थेच्या कार्यकारिणीत मी नुकतीच सचिव झालेय. १२ मार्च २०२५ च्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे पीडीएफमध्ये आलंय, ११ पानं, १३ विषय. अध्यक्षांनी सांगितलंय की यातून एक तक्ता करून द्या, काय ठरलं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत. मला वाटलं तासाभराचं काम असेल, पण पहिल्या चार पानांतच दोन दिवस गेले. एकेक विषय पानपानभर आहे, कोण काय म्हणालं ते सगळं लिहिलंय आणि शेवटी कुठेतरी एका ओळीत "असे ठरले". सर्च मारून "निर्णय" शब्द शोधला तर एकही सापडला नाही, पानावर मात्र दहा ठिकाणी डोळ्यांना दिसतोय. हे कुणी नियमित करतं का? कसं करता?

टर्मिनलवाला
सोपं आहे ताई, हाताने वाचत बसू नका. पीडीएफचा टेक्स्ट काढा आणि ठराविक शब्दांच्या ओळी गाळून घ्या. इतिवृत्ताची भाषा ठरलेली असते, त्यामुळे पाचसहा शब्दांत बरंचसं येतं.

```
pdftotext -layout itivrutta.pdf itivrutta.txt
grep -nE "ठरल|ठरव|मंजूर|निर्णय|पर्यंत|दिवसा" itivrutta.txt
```

`-layout` टाकायला विसरू नका, नाहीतर उजवीकडे "कार्यवाही" असा वेगळा कॉलम असेल तर त्यातले शब्द डावीकडच्या मजकुराच्या मध्ये कुठेही जाऊन बसतात. आणि "दिवसा" मुद्दाम अर्धवट लिहिलंय, कारण कोणी "दिवसांत" लिहितं, कोणी अनुस्वार न देता "दिवसात".

पानगळ
आम्ही बैठकीतच एक जण बसवतो जो फक्त निर्णय लिहून घेतो. तुम्हीही इतिवृत्त लिहितानाच प्रत्येक विषयाखाली "निर्णय", "जबाबदारी", "मुदत" अशा तीन ओळी टाका. मी नमुना देऊ शकते.

नवीसचिव
@पानगळ ताई, नमुना नक्की द्या, पुढच्या बैठकीला वापरते. पण हे इतिवृत्त आधीच लिहून, सह्या होऊन आलंय, आता त्याच्यातूनच काढायचंय.

@टर्मिनलवाला दादा, कमांड चालवली. फक्त ४ ओळी आल्या, त्यातल्या दोन "मंजूर"च्या. फाईल उघडून बघितली तर अक्षरं अशी दिसतायत: "िनणर्य". म्हणजे निर्णय, पण वेलांटी आधी आणि रफार भलतीकडेच. "मंजूर" मात्र नीट आलंय.

जुनादप्तरी
सचिवताई, तुम्ही कागदाशी प्रामाणिक आहात म्हणून हे तुमच्या लक्षात आलं, नाहीतर चार ओळी आल्या की चार निर्णय असं धरून लोक पुढे जातात. कारण साधं आहे. देवनागरीत पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, पण टाईप करताना अक्षरानंतर येते. पीडीएफमध्ये पानावर काय छापायचं ते ठेवलेलं असतं. त्यातून मजकूर परत उचलताना काही फाईली दिसतो तोच क्रम देतात, म्हणजे वेलांटी आधी. डोळ्याला पान बरोबर दिसतं, पण सर्चला तो शब्द निराळाच असतो. "मंजूर"मध्ये पहिली वेलांटी नाही, रफारही नाही, म्हणून तो वाचला. "ठरले" पण सापडायला हवा होता खरं तर.

पहिली परीक्षा म्हणून एक करा. एखादं पान घ्या, त्यातला "निर्णय" शब्द डोळ्याने मोजा आणि मग सर्चने मोजा. आकडे जुळले तरच त्या टेक्स्टवर भरवसा. आणि दुसरं, प्रत्येक पानावर जाऊन मजकूर माऊसने निवडता येतो का बघा. एखाद्या पानावर निवडच होत नसेल तर ते पान स्कॅन आहे, म्हणजे फोटो. तिथे टेक्स्ट नावाची गोष्टच नाही.

नवीसचिव
बघितलं. पान १ ते ९ निवडता येतात, १० आणि ११ येत नाहीत. तिथे सह्या आहेत आणि पेनाने दोन दुरुस्त्या केल्यात. आणि हो, "ठरले" पानांवर बऱ्याच ठिकाणी "ठर" एका ओळीच्या शेवटी आणि "ले" खालच्या ओळीत गेलंय.

टर्मिनलवाला
अच्छा, मग माझी कमांड इथे पुरेशी नाही, आधी ओसीआर करावं लागेल. ocrmypdf आणि tesseract वापरा, tesseract साठी मराठीचा भाषासंच वेगळा टाकावा लागतो, त्याचं नाव `mar`.

```
ocrmypdf --force-ocr -l mar+eng itivrutta.pdf itivrutta_ocr.pdf
```

`--force-ocr` म्हणजे आहे तो बिघडलेला टेक्स्ट फेकून सगळ्या पानांचं चित्र करून नव्याने वाचणार. मूळ फाईलला हात लावू नका, ती जशीच्या तशी ठेवा. ओसीआर झाल्यावर वरच्या दोन्ही कमांड, pdftotext आणि grep, नव्या फाईलचं नाव टाकून पुन्हा चालवा, आता ९५ टक्के काम झालं म्हणून समजा.

जुनादप्तरी
दादा, ओसीआरपर्यंत पटलं. शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. ओसीआरने तुम्हाला शोधता येण्याजोगा मजकूर मिळाला, निर्णय मिळाले नाहीत. "ठरले" नसलेल्या ओळीतही निर्णय असतो आणि "ठरले" असलेली ओळ कधीकधी मागच्या बैठकीची आठवण असते, "मागील बैठकीत असे ठरले होते की". ती यादीत घातली तर जुनं काम नवीन म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडतं. grep वापरा, पण कोणत्या पानावर आधी बघायचं हे कळण्यापुरतं. वाचायचं सगळं.

आणि ओसीआर झालेल्या फाईलमधली एकही तारीख तशीच उचलू नका. देवनागरी १ आणि ९ फिकट छपाईत सारखेच वाचले जातात. तारखा आणि रकमा मूळ पानावरून, डोळ्याने.

सचिवताई, एखादा विषय इथे जसाच्या तसा टाकता का? नावं काढून, फक्त पदं ठेवा.

नवीसचिव
टाकते. हा पान ५ वरचा, माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेलाय:

"विषय क्र. ६ : वाचनालयाच्या छताची गळती. खजिनदारांनी सांगितले की मागील दुरुस्तीचे बिल अद्याप प्रलंबित आहे. ग्रंथपालांनी पुस्तके दुसऱ्या खोलीत हलवली असल्याचे सांगितले. चर्चेअंती तीन कंत्राटदारांकडून दरपत्रके मागवावीत व ती आठ दिवसांत समितीपुढे ठेवावीत असे ठरले. वार्षिक सभेपूर्वी काम पूर्ण व्हावे अशी सूचना करण्यात आली. सूचक : सहकार्यवाह. अनुमोदक : ग्रंथपाल. ठराव सर्वानुमते मंजूर."

मी तक्त्यात लिहिलंय: निर्णय "छताची दुरुस्ती करणे", कोण "सहकार्यवाह", कधी "२० मार्च".

जुनादप्तरी
बरं झालं हा दिलात. तिन्ही रकान्यांत चूक आहे, आणि तिन्ही चुका नेहमीच्या आहेत म्हणून सावकाश लिहितो.

निर्णयाचं बघा. दुरुस्ती करायची असं कुठे ठरलंय? ठरलंय ते दरपत्रकं मागवायचं आणि समितीपुढे ठेवायचं. दुरुस्तीला मंजुरी अजून झालीच नाहीये, ती दरपत्रकं बघून होईल. तक्त्यात "दुरुस्ती करणे" लिहिलं आणि कुणी त्यावरून काम सुरू केलं तर उद्या बिल कोणत्या ठरावावर द्यायचं? म्हणून निर्णयाच्या रकान्यात क्रियापद इतिवृत्तातलंच ठेवायचं. मागवणे, ठेवणे. ते वाढवायचं नाही.

आता कोण. सूचक म्हणजे ठराव मांडणारा आणि अनुमोदक म्हणजे त्याला पाठिंबा देणारा, काम करणारे ते असतीलच असं मुळीच नाही. सूचकाचं नाव "जबाबदारी"त टाकण्याची चूक मी नव्या माणसाकडून दर वर्षी बघतो, कारण पूर्ण परिच्छेदात नाव असलेली जागा तेवढीच असते. तुमच्या विषयात "मागवावीत", "ठेवावीत" आहे, कोणी ते लिहिलेलंच नाही. मग तक्त्यात लिहायचं "इतिवृत्तात नमूद नाही". रिकामा रकाना ठेवायचा नाही, नाहीतर वाटतं तुम्ही भरायला विसरलात.

मुदतीसाठी दोन रकाने करा. एकात इतिवृत्तातले शब्द जसेच्या तसे, "आठ दिवसांत". दुसऱ्यात तुम्ही काढलेली तारीख. तारखेवर वाद झाला तर बघणाऱ्याला कळतं की शब्द कुठले आणि हिशोब कुणाचा.

"वार्षिक सभेपूर्वी" ही सूचना आहे, ठरावात धरायची की नाही ते मजकुरावरून नक्की होत नाही. ती शंकेच्या रकान्यात. आणि मागचं बिल प्रलंबित आहे, त्यावर काहीच ठरलेलं नाही. ते यादीत नको.

कोरीपाटी
काका, एक विचारू? "इतिवृत्तात नमूद नाही" असं लिहून तक्ता दिला तर अध्यक्ष म्हणतील मग काम कोण करणार, तुम्हीच ठरवून आणा. आमच्याकडे असं झालं होतं. मी त्या विषयावर जो सगळ्यात जास्त बोलला त्याचंच नाव टाकते, आणि बहुतेक वेळा तोच करतो. इथे ग्रंथपाल बोललेत, त्यांचं टाकायचं.

जुनादप्तरी
बहुतेक वेळा तोच करतो, हे खरं असेल. पण उरलेल्या वेळी ज्याने कधी होकार दिला नाही त्याचं नाव इतिवृत्ताच्या आधारावर म्हणून फिरतं. नाव भरायचंच असेल तर "सुचवलेले" असं पुढे लिहून, आणि अध्यक्षांकडून खात्री झाल्यावरच तो शब्द काढायचा.

कोरीपाटी
मला हे अजून पटत नाही. रिकाम्या जागा असलेला तक्ता कोणी वाचत नाही, हा माझा अनुभव.

टर्मिनलवाला
मुदतीचा हिशोब शीटमध्येच करा, हाताने नको. तारीख साध्या अंकांत टाकली की कधी महिना आणि दिवस अदलाबदल होतात, ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे शीटच्या सेटिंगवर ठरतं. त्यामुळे असं:

```
=DATE(2025,3,12)+8
```

हे २० मार्च देईल.

पानगळ
थांबा, "आठ दिवसांत" म्हणजे आठ दिवस कसे मिळवता? आपण "आठ दिवसांनी ये" म्हणतो तेव्हा पुढच्या आठवड्यातला तोच वार असतो. बैठक बुधवारी होती, म्हणजे पुढचा बुधवार, १९ मार्च. बोलणाऱ्याच्या मनात आठवडाच असतो. "पंधरा दिवस" म्हणतो तेव्हाही दोन आठवडेच असतात, १४ दिवस.

टर्मिनलवाला
बोलताना हो, पण लिहून मंजूर केल्यावर आठ म्हणजे आठच धरायला हवे ना?

जुनादप्तरी
दोघांचंही म्हणणं लोकांकडून ऐकलंय मी, आणि खरं सांगायचं तर याचा एकच नियम मला कुठे सापडला नाही. शिवाय मोजायचं कुठून, बैठकीच्या दिवसापासून की इतिवृत्त हातात पडलं त्या दिवसापासून? इतिवृत्त यायलाच आठ दिवस गेले असतील तर मुदत कागद पोचायच्या आधीच संपलेली असते. मी बैठकीच्या तारखेपासून मोजतो आणि तक्त्याच्या वर तसं लिहून ठेवतो, "सर्व मुदती १२ मार्चपासून मोजल्या आहेत". ज्याला वेगळं वाटतं तो मग त्या एका ओळीवर बोलतो, प्रत्येक तारखेवर नाही.

"पुढील बैठकीपर्यंत" अशी मुदत असेल तर तारीख तेव्हाच लिहा जेव्हा पुढच्या बैठकीची तारीख त्याच इतिवृत्तात आहे. ती नसेल तर शब्दच ठेवा.

नवीसचिव
शेवटी लिहिलंय, "पुढील बैठक एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी". म्हणजे ९ एप्रिल. ते तीन ठिकाणी भरलं.

ओसीआर पण झालं काल रात्री. बऱ्यापैकी आलंय, पण जोडाक्षरं कुठेकुठे फुटलीत. पान १० आणि ११ आता वाचता येतायत, पेनाच्या दुरुस्त्या मात्र ओसीआरला समजल्या नाहीत, त्या मी फाईल मोठी करून वाचल्या. आणि मग जे सापडलं ते इथे टाकते, कारण मी चार दिवस विषय ६ वर डोकं फोडत बसले होते:

"विषय क्र. १३ : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. (अ) विषय क्र. ६ मधील दरपत्रके मागवण्याचे काम इमारत उपसमितीकडे सोपवण्यात यावे व उपसमितीच्या निमंत्रकांनी दहा दिवसांत अहवाल द्यावा असे ठरले."

आणि त्या "दहा" वर पेनाने काट मारून "पंधरा" केलंय, बाजूला बारीक सही.

जुनादप्तरी
हे सापडलं हे फार मोठं काम झालं. पान ५ वरचा निर्णय पान १० वर बदलला, आणि तोही नेमका त्या पानांवर जिथे सर्च पोचत नव्हता. सह्यांची पानं स्कॅन करून जोडलेली असतात आणि आयत्या वेळचे विषय त्याच पानांवर पडतात, त्यामुळे हे असं पुन्हा पुन्हा होतं. म्हणून मी इतिवृत्त शेवटच्या पानापासून उलटं वाचायला घेतो. आधी आयते विषय, त्यात मागच्या कुठल्या विषयाचा क्रमांक आलाय का ते टिपतो, आणि मगच पान १ उघडतो.

आता तक्त्यात विषय ६ ची ओळ खोडू नका. ती ठेवा आणि शेवटी लिहा "विषय १३ (अ) प्रमाणे बदल". नवीन ओळ: दरपत्रके मागवून अहवाल देणे, इमारत उपसमिती, निमंत्रक, "पंधरा दिवसांत", पान १०. तारखेसमोर २६ किंवा २७ मार्च, तुम्ही कोणता हिशोब धरलात त्याप्रमाणे, आणि शंकेत "हस्तलिखित दुरुस्ती, मूळ शब्द दहा".

त्या सहीबद्दल अध्यक्षांना विचारा. बैठक संपल्यावर कुणी एकट्याने केलेली दुरुस्ती असेल तर ती पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना सगळ्यांसमोर यायला हवी. तोपर्यंत "पंधरा" हा पक्का आकडा नाही.

कोरीपाटी
इथे तरी निमंत्रकांचं नाव मिळालं. पण ग्रंथपालांचं नाव टाकलं असतं तर चूकच झाली असती हे मान्य करते. बाकीच्या ठिकाणी माझं मत तेच.

पानगळ
मला एक विचारायचंय, तुम्ही हे इतिवृत्त कायम होण्याआधीच यादी फिरवताय का? आमच्याकडे कायम झाल्यावरच देतात. पण मग महिना जातो आणि आठ दिवसांची कामं तशीच राहतात, त्यामुळे दोन्हीकडून अडचण आहे.

जुनादप्तरी
मी आधीच देतो, पण वरती लिहून, कोणत्या फाईलवरून काढली, ती फाईल किती तारखेची, आणि इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही. बैठकीत बदल झाले तर फक्त बदललेल्या ओळी पुन्हा पाठवतो, पूर्ण यादी नाही. पूर्ण पाठवली तर लोकांना काय बदललं ते शोधावं लागतं.

नवीसचिव
आज पूर्ण झाली. १३ विषयांतून १७ ओळी निघाल्या. त्यातल्या ५ ठिकाणी कोणी करायचं ते लिहिलेलंच नाही आणि ६ ठिकाणी मुदत नाही. ३ ओळी मी काढून टाकल्या, कारण त्या "मागील बैठकीत ठरले होते" अशा होत्या, आणि एक ओळ "नोंद घेण्यात आली" एवढीच होती, ती निर्णय नाही म्हणून सोडली. प्रत्येक ओळीसमोर पान आणि विषय क्रमांक टाकलाय, म्हणजे अध्यक्षांना मूळ वाक्य लगेच उघडता येईल.

एक जागा अजून अडलीय. विषय ९ मध्ये "सर्व विभागप्रमुखांनी माहिती द्यावी" आहे, मुदत महिनाअखेर, म्हणजे ३१ मार्च. विभाग चार आहेत. ही एक ओळ ठेवायची की चार?

टर्मिनलवाला
चार. एक ठेवली तर तिघांनी दिली आणि एकाने नाही दिली हे दाखवायला जागाच राहत नाही.

जुनादप्तरी
चारच, पण विषय क्रमांक चौघांसमोर तोच, ९. आणि "सर्व"मध्ये कोणकोण येतात हे त्या विषयाच्या उपस्थितांवरून धरू नका, जो विभागप्रमुख त्या दिवशी गैरहजर होता त्यालाही हे लागू आहे. त्याला ही यादी वेगळी पाठवा, कारण त्याने बैठकीत हे ऐकलेलंच नाही.

नवीसचिव
बरोबर, एक जण गैरहजर होते, पहिल्या पानावर नोंद आहे. त्यांना आजच पाठवते. मग २० ओळी झाल्या. पाच रिकाम्या जबाबदाऱ्यांसाठी अध्यक्षांची वेळ मागितलीय, शुक्रवारी बसतोय. त्या सहीचं पण तेव्हाच विचारते.